दिवसभर बोलून आवाज का बसतो?

१. बसून बोलण्यात कसले आले कष्ट?

कॉल सेंटरमध्ये काम करणाऱ्या मुलीचा आवाज संध्याकाळी बसला की घरातून पहिला प्रश्न येतो तो हाच. उन्हात राबायचे नाही, ओझे उचलायचे नाही, पंख्याखाली खुर्चीत बसून फोनवर बोलायचे. त्यात घसा बसायला काय झाले? प्रश्न चुकीचा नाही. बोलणे आपण इतके सहज करतो की ते शरीराचे काम आहे हेच लक्षात येत नाही. नांदेड-लातूरच्या घरांना तर हा प्रश्न आता दुरून पाहण्याचा राहिलेला नाही. इथली मुले पुण्या-मुंबईच्या मोठ्या कॉल सेंटरांत जातात, हे एक. दुसरे असे की गावातल्या गावातही हेडसेट लावून बसण्याची कामे वाढली आहेत. फायनान्स कंपनीची वसुली, पॅथॉलॉजी लॅबच्या अपॉइंटमेंट, जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077, आणि सगळ्यांत जास्त म्हणजे शिकवण्यांची कार्यालये. 'लातूर पॅटर्न'मुळे बाहेरगावाहून विद्यार्थी येतात, त्यांच्या पालकांना फोन करायला टेलिकॉलर लागतात आणि त्यांचा खरा हंगाम येतो तो दहावीच्या निकालाच्या आगेमागे, म्हणजे ऐन उन्हाळ्यात.

हा त्रास कल्पनेतला नाही. फोनवरून विक्री करणाऱ्या कर्मचाऱ्यांचा एक अभ्यास अमेरिकेत 2002 साली प्रसिद्ध झाला. आवाजाची किमान एक तरी तक्रार सांगण्याची शक्यता त्यांच्यात इतरांच्या दुप्पट होती आणि त्यांतल्या 31 टक्के लोकांनी तक्रारींमुळे कामावर परिणाम होतो असे सांगितले. आपल्याकडे अशा वेळी दोष 'नाजूक घशा'वर किंवा 'पाणी कमी पिते' यावर टाकला जातो. या प्रकरणाचे म्हणणे वेगळे आहे. आवाज थकतो तो नुसत्या बोलण्याने नव्हे, मध्ये थांबायला जागाच न उरल्याने आणि विनाकारण जोर लावल्याने. थांबायला जागा का उरत नाही आणि जोर का लागतो, याची कारणे घशात कमी आणि स्क्रिप्ट, खुर्ची, हेडसेट व टार्गेट यांत जास्त सापडतात.

२. दहा लाखांचा हिशेब

आधी आवाज तयार कसा होतो ते पाहू. गळ्यात पुढच्या बाजूला बोट ठेवून 'आ' म्हटले की जिथे थरथर जाणवते तिथे स्वरयंत्र असते. त्यात दोन स्वरतंतू असतात. नावात तंतू असले तरी ते दोरे नव्हेत. ओलसर, मऊ आवरण असलेल्या त्या दोन घड्या आहेत. श्वास घेताना त्या दूर होतात. बोलताना जवळ येतात आणि फुप्फुसातून वर येणारी हवा त्यांना क्षणोक्षणी उघडते-मिटते. आरतीत आपण टाळ्या वाजवतो तसेच हे आहे. एका टाळीने हाताला काही होत नाही. हलक्या हाताने बराच वेळ वाजवल्या तरी चालते. जोरात आणि न थांबता वाजवल्या की तळवे लाल होतात, मग हुळहुळतात.

या टाळ्या किती पडतात? बाईच्या बोलण्यात स्वरतंतू सेकंदाला साधारण 200 वेळा एकमेकांवर आपटतात, पुरुषाच्या बोलण्यात साधारण 120 वेळा. समजा, एका टेलिकॉलरची शिफ्ट आठ तासांची आहे. नंबर लावणे, रिंग वाजत राहणे, समोरच्याचे ऐकणे, नोंद करणे हे सगळे वजा केले तर तिचे स्वतःचे बोलणे तीन तास भरते असे धरू. बोलण्यातला प्रत्येक क्षण काही आवाजाचा नसतो. क, प, स यांसारख्या व्यंजनांना आणि शब्दांमधल्या फटींना स्वरतंतू हलत नाहीत, म्हणून ढोबळमानाने निम्मा वेळ सोडून देऊ. उरला दीड तास, म्हणजे 5,400 सेकंद. गुणिले 200. उत्तर येते 10 लाख 80 हजार. शेजारच्या टेबलावरचा मुलगा तेवढेच बोलला तर त्याचा आकडा साडेसहा लाखांच्या आसपास राहतो. एकाच कामात मुलींचा आवाज आधी का बसतो, याचे एक कारण इथे मिळते.

मात्र दहा लाख हा आकडा ऐकून दचकायचे कारण नाही. निरोगी स्वरतंतू एवढे काम रोज करू शकतात. आपटण्याचा जोर बेताचा असावा आणि मधूनमधून थांबणे असावे, एवढीच त्यांची अट असते. विश्रांतीचा हिशेबही अभ्यासला गेला आहे. दोन तास मोठ्याने वाचायला लावलेल्या लोकांचा आवाज पूर्ववत व्हायला 12 ते 18 तास लागू शकतात, असे अमेरिकेतल्या प्रयोगात दिसले. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा अशी शिफ्ट असेल तर दुसऱ्या दिवशीच्या लॉगिनपर्यंत हातात 15 तास राहतात. त्यातले दोन तास पुन्हा मोबाइलवर गेले तर नवा दिवस कालच्या उरलेल्या थकव्यासकट सुरू होतो. सोमवारी काही न वाटणारा घसा शुक्रवारी बसतो तो असा.

३. आवाज चढतो कशामुळे?

कोणी ठरवून ओरडत नाही. भोवताली गोंगाट असला की माणूस आपोआप आवाज चढवतो. फ्रेंच डॉक्टर एतिएन लोम्बार यांनी 1911 साली हे दाखवून दिले आणि या सवयीला आजही त्यांचेच नाव आहे. एका खोलीत सहा-आठ टेलिकॉलर बसले की प्रत्येक जण दुसऱ्याच्या आवाजावर आपला आवाज चढवतो, आणि खोली तासाभरात बाजारासारखी होते. आपल्याकडे उन्हाळ्यात त्यात कूलरची भर पडते. कूलरची ओलसर हवा घशाला चांगली, पण त्याची घरघर आवाजाला वाईट. तो खिडकीबाहेर आणि बोलणाऱ्यांपासून लांब बसवला तर हवा मिळते आणि घरघर कमी होते.

दुसरे कारण हेडसेट. दोन्ही कान घट्ट झाकले की स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नाही आणि माणूस नकळत मोठ्याने बोलू लागतो. चांगल्या हेडसेटमध्ये आपलाच आवाज थोडासा कानात परत ऐकवण्याची सोय असते, तिला साइडटोन म्हणतात. ती बंद असेल तर चालू करून घ्यावी. नसेल तर खोली शांत असताना एक कान मोकळा ठेवावा. माइक ओठांच्या अगदी समोर नको. तोंडाच्या कोपऱ्यापाशी, दोन बोटे अंतरावर हवा. तो हनुवटीखाली घसरला की आवाज पोचवायचे काम माइकऐवजी घसा करू लागतो.

तिसरे कारण सगळ्यांत फसवे आहे. समोरचा माणूस शेतात असतो, नेटवर्क तुटते, तो 'हॅलो, हॅलो' करतो आणि इकडून आवाज चढतो. पण तुटणारे नेटवर्क मोठ्या आवाजाने जुळत नाही. साध्या फोनची लाइन जेमतेम 300 ते 3,400 हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तेवढ्या कंपनांचाच पट्टा पुढे पाठवते. सेकंदाला 200 कंपनांचा आपल्या आवाजाचा मूळ पाया त्या पट्ट्याच्या खालीच राहतो आणि ऐकणाऱ्याचा मेंदू तो वरच्या कंपनांवरून जुळवून घेतो. शब्द कळतो तो प्रामुख्याने व्यंजनांमुळे. म्हणून 'ऐकू येत नाही' असे कानावर आले की आवाज आहे तिथेच ठेवून वेग कमी करावा, व्यंजने ठसठशीत उच्चारावीत आणि आकडे एकेक करून सांगावेत. तरीही जमत नसेल तर 'पाच मिनिटांनी पुन्हा लावते' हे घशाच्याही हिताचे आणि ग्राहकाच्याही.

४. क्रियापदापर्यंत न पुरणारा श्वास

आता मुख्य मुद्दा. मराठी वाक्याचे क्रियापद शेवटी येते. बोलताना आपण वाक्ये लहान ठेवतो म्हणून त्याचा जाच होत नाही. स्क्रिप्ट मात्र कार्यालयीन मराठीत लिहिलेली असते. शिकवणीच्या कार्यालयातली एक नमुन्याची स्क्रिप्ट घेऊ: 'नमस्कार सर, मी अमुक क्लासेसच्या लातूर शाखेतून बोलत असून आपल्या पाल्याने आमच्याकडे दिलेल्या शिष्यवृत्ती चाचणीचा निकाल जाहीर झालेला असून त्यानुसार आपल्या पाल्यास अकरावी व बारावीच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या शुल्कामध्ये मिळणाऱ्या सवलतीची माहिती देण्यासाठी आपल्याला हा कॉल करण्यात आलेला आहे.' एकदा मोठ्याने वाचून पाहा. 'शुल्कामध्ये'पाशी श्वास संपतो आणि 'करण्यात आलेला आहे' अजून बाकी असते.

गप्पा मारताना आपण साधारण तीन ते पाच सेकंदांनी श्वास घेतो. भरलेली छाती आपल्या लवचिकपणाने हवा बाहेर ढकलते, त्यामुळे तोवर घशाला वेगळे कष्ट नसतात. तो साठा संपल्यावरही बोलत राहिलो तर उरलीसुरली हवा पोटाच्या स्नायूंनी पिळून काढावी लागते. हवा कमी पडते म्हणून स्वरतंतू एकमेकांवर जास्त घट्ट दाबले जातात. वाक्याच्या शेवटी आवाज कुरकुरतो, खाली पडतो, ते हेच. मग संपलेल्या दमावर पुढचे वाक्य सुरू करण्यासाठी तोंडाने झटकन, आवाज करत हवा ओढली जाते आणि ती कोरडी हवा थेट स्वरतंतूंवर जाते. एका कॉलमध्ये हे दहा वेळा झाले आणि दिवसात साठ-सत्तर कॉल झाले, तर घशाचा दिवस कसा जातो हे वेगळे सांगायला नको. वेगाने बोलले की हे सगळे वाढते, कारण घाईत पहिला बळी श्वासाचा जातो.

आता तीच स्क्रिप्ट अशी करू: 'नमस्कार. मी अमुक क्लासेसमधून बोलतेय, लातूरहून. तुमच्या मुलीनं आमच्याकडं परीक्षा दिली होती. तिचा निकाल लागलाय. फीमध्ये सवलत मिळतेय. दोन मिनिटं बोलू का?' प्रत्येक पूर्णविरामाला तोंड मिटून, नाकाने छोटा श्वास घेता येतो. शेवटी प्रश्न आहे, त्यामुळे 'हां, बोला' म्हणेपर्यंत दोन-तीन सेकंद घशाला मिळतात. पुढेही प्रत्येक माहितीनंतर पालकाला काही विचारावे. 'मुलीला डॉक्टर व्हायचंय की इंजिनिअर?' या प्रश्नाने टेलिकॉलरला अर्धे मिनिट मिळते आणि तिला पालक ओळखताही येतो. स्क्रिप्ट तपासण्याची कसोटी सोपी आहे. ज्याला ती रोज बोलायची आहे त्याने ती उभ्याने, साध्या वेगात मोठ्याने वाचावी आणि श्वास संपतो तिथे पेन्सिलीने रेघ मारावी. रेघ वाक्याच्या मध्ये पडली तर वाक्य तोडायचे. हे काम टीम लीडरने अर्ध्या तासात करण्यासारखे आहे, आणि माझ्या मते घशाच्या गोळ्यांच्या डब्यापेक्षा ते जास्त मोलाचे आहे.

कुणी म्हणेल, कीर्तनकार तीन-तीन तास खड्या आवाजात उभा असतो, त्याचा घसा कसा टिकतो? एक तर सगळ्यांचा टिकत नाही. पण ज्यांचा टिकतो त्यांची बैठक पाहा. अभंगाचे चरण टाळकरी उचलून धरतात, मृदंग चालतो, तेवढा वेळ बुवांचा आवाज विसावतो. त्यांचा आवाज वर्षानुवर्षे कसलेला असतो. टेलिकॉलरच्या मागे टाळकरी नसतात. एक कॉल संपला की डायलर पुढचा लावून देतो.

५. हनुवटी पुढे, आवाज मागे

स्वरयंत्र गळ्यात स्नायूंच्या आधारावर टांगलेले असते, त्यामुळे मानेची ओढाताण त्याला लगेच कळते. टेबलावर ठेवलेला लॅपटॉप डोळ्यांच्या खाली येतो. मग पाठ गोल होते, मान पुढे जाते आणि वाचण्यासाठी हनुवटी वर उचलली जाते. या अवस्थेत बोलून पाहा आणि मग हनुवटी किंचित आत घेऊन तेच वाक्य बोला. फरक स्वतःच्या कानाला कळतो. पाठ वाकली की पोटही दाबले जाते आणि मागच्या भागात सांगितलेला श्वास आणखी तोकडा होतो.

इथे महागड्या खुर्चीची गरज नाही. लॅपटॉपखाली चार-पाच जाडजूड पुस्तके ठेवून पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणावी आणि वेगळा कीबोर्ड घ्यावा. पाय जमिनीला टेकावेत. हेडसेट नसताना फोन खांदा आणि कान यांच्यात पकडून नोंदी लिहिणे मात्र पूर्ण बंद करावे. दिवसभर ताठ बसणे कुणालाच जमत नाही, आणि ताठरपणाने घसा उलट आवळतो. बसण्याची पद्धत बदलत राहिली आणि काही कॉल उभ्याने घेतले तर पुरते.

६. पाणी कुठे जाते?

घसा बसला की जो तो पाणी प्यायला सांगतो. सल्ला योग्य आहे, पण त्यामागची समजूत बहुधा चुकीची असते. प्यालेले पाणी स्वरतंतूंना स्पर्श करत नाही. गिळताना स्वरयंत्राचे दार मिटते आणि पाणी अन्ननलिकेत जाते. घोट स्वरतंतूंवर गेला तर ठसका लागतो. पाणी आधी पोटात, मग रक्तात आणि तिथून स्वरतंतूंच्या आवरणापर्यंत पोचते. त्याला वेळ लागतो. म्हणून चार वाजता घसा दुखल्यावर घटाघट अर्धा लिटर पिण्यापेक्षा सकाळी निघताना पिऊन निघणे आणि नंतर दर कॉलनंतर घोटभर पिणे शहाणपणाचे. घोटाचा एक जास्तीचा फायदा असा की गिळताना बोलता येत नाही आणि खाकरण्याची उबळ शमते. खाकरणे म्हणजे स्वरतंतू जोराने एकमेकांवर आपटणे. त्याऐवजी घोट घ्यावा किंवा नुसते गिळावे.

किती प्यायचे याचा सगळ्यांना लागू पडेल असा आकडा नाही. लघवीचा रंग फिका असला की पाणी पुरते आहे असे समजावे. चहाबद्दल उगाच भीती घातली जाते. दोन-तीन कप चहाने शरीर कोरडे पडत नाही. सुपारी, तंबाखू आणि रात्रपाळीनंतर तिखट जेवून लगेच आडवे होणे यांचा त्रास मात्र खरा आहे, कारण पोटातले आम्ल वर चढून स्वरयंत्राला लागते. मिठाच्या पाण्याच्या गुळण्याही स्वरतंतूंपर्यंत जात नाहीत. त्या घशाच्या मागच्या भागाला बरे वाटायला उपयोगी. स्वरतंतूंच्या पृष्ठभागाला थेट ओलावा देते ती नाकाने घेतलेली हवा आणि वाफ. एसीच्या खोलीत किंवा मे महिन्याच्या कोरड्या हवेत तोंडाने श्वास घेत बोलणे हे म्हणूनच दुहेरी नुकसानीचे.

पण पाणी का प्यायले जात नाही, हा खरा प्रश्न आहे. ज्या लातूरला एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांतून पाणी आणावे लागले, पहिल्या खेपेला दहा टाक्यांतून पाच लाख लिटर, तिथे पाणी जपून वापरण्याची सवय लागली तर नवल नाही. त्यापेक्षा मोठे कारण स्वच्छतागृहाचे. कार्यालयात मुलींसाठी नीट स्वच्छतागृह नसेल, किंवा उठल्यावर टीम लीडर घड्याळाकडे पाहत असेल, तर मुली पाणी पिणेच टाळतात. अशा ठिकाणी पाण्याचा जार आणून ठेवल्याने काही साधत नाही. पाण्याचा ब्रेक म्हणजे पाणी, स्वच्छतागृह आणि उठायची मोकळीक, तिन्ही मिळून.

७. टार्गेटचे काय?

मालकाचा आक्षेप रास्त आहे. तासाला पाच मिनिटे गप्प बसायचे म्हटले तर आठ तासांत 40 मिनिटे गेली. चार मिनिटांचा एक कॉल धरला तर दहा कॉल बुडाले. पण हा हिशेब अर्धा आहे. टेलिकॉलरच्या कामात न बोलण्याचेही काम भरपूर असते. रजिस्टरमध्ये किंवा शीटमध्ये नोंद, व्हॉट्सॲपवर माहितीपत्रक पाठवणे, उद्याच्या फॉलो-अपची यादी. ही कामे सध्या दोन कॉलच्या फटीत, घाईत, अनेकदा बोलता बोलता होतात. तीच गोळा करून दर तासाच्या शेवटी पाच मिनिटांत ठेवली तर घशाला सलग शांतता मिळते आणि कामाचा वेळ जवळजवळ तेवढाच राहतो. शिवाय न कळलेल्या घाईच्या कॉलमागून 'मघाशी काय म्हणालात?' असा दुसरा कॉल येतो, तो हिशेबात धरायला हवा.

महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापनांचा 2017 चा कायदा झाला तेव्हा सलग पाच तासांनंतर निदान अर्ध्या तासाची सुट्टी त्यात लिहिली गेली. ती हातापायांचा आणि जेवणाचा विचार करून. आवाजाला पाच तासांनंतरचा अर्धा तास उशिरा मिळतो, आणि टपरीवर, ट्रॅफिकच्या आवाजात, मित्रांशी मोठमोठ्याने बोलण्यात गेला तर मिळतच नाही. चहाचा ब्रेक पायांना हवा तसा घशालाही हवा, म्हणजे त्यात निदान पहिली पाच मिनिटे कमी बोलावे.

या वेळेत एक सोपा व्यायाम करता येतो. ग्लासात थोडे पाणी घेऊन त्यात स्ट्रॉ दोन-तीन सेंटिमीटर बुडवावा आणि 'ऊ' असा हलका आवाज काढत बुडबुडे आणावेत. तोंडाशी अडलेल्या हवेचा उलट दाब येतो आणि स्वरतंतू कमी जोराने भेटतात. दोन मिनिटे पुरे. मात्र त्याने आधी झालेली इजा भरून येत नाही. कुजबुजत बोलणे ही विश्रांती नाही हेही इथे सांगायला हवे. कुजबुजताना अनेकांचा घसा उलट आवळला जातो. कमी बोलायचे तर मऊ, साध्या आवाजात बोलावे.

८. थकवा की आजार?

संध्याकाळी घोगरा झालेला आवाज सकाळी मोकळा असेल तर तो थकवा. सकाळीही बसलेला राहू लागला तर तो साठत चालला आहे. घरी एक चाचणी करता येते. रोज सकाळी, अगदी हळू आवाजात, शक्य तितक्या वरच्या पट्टीत एखादी ओळ गुणगुणावी. स्वरतंतूंवर सूज आली की सगळ्यांत आधी हा हळू आणि उंच आवाज जातो. तो फाटतो किंवा नुसती हवा येते. मोठ्याने बोलताना तेव्हा काहीच जाणवलेले नसते. दोन-तीन दिवस तो आवाज निघाला नाही तर त्या आठवड्यात कॉल कमी करून लेखी काम मागून घ्यावे. हीच सूज पुढे तशीच आपटत राहिली तर दोन्ही स्वरतंतूंवर समोरासमोर छोट्या गाठी येतात. त्या कर्करोगाच्या नसतात. सुरुवातीच्या काळात त्या आवाजाचा वापर बदलून आणि वाचा-उपचार घेऊन अनेकदा ओसरतात, शस्त्रक्रिया लागत नाही. मात्र उपचार घेऊन पुन्हा त्याच स्क्रिप्टवर आणि त्याच खुर्चीत बसले तर त्या परत येतात.

आवाज दोन-तीन आठवडे सलग बसलेला राहिला, गिळताना दुखू लागले, थुंकीत रक्त दिसले किंवा श्वासाला अडथळा वाटला तर औषधाच्या दुकानातून गोळ्या आणत बसू नये. तंबाखू खाणाऱ्याने तर एवढीही वाट पाहू नये. नांदेडला डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत कान-नाक-घसा विभाग आहे. तिथे स्वरतंतू प्रत्यक्ष पाहून तपासता येतात. ते पाहिल्याशिवाय बसलेल्या आवाजाचे कारण नक्की सांगता येत नाही. जाताना डॉक्टरांना आपले काम काय, दिवसाला किती तास बोलावे लागते आणि मध्ये किती वेळ गप्प राहता येते, हे आवर्जून सांगावे.